तिवराच्या पानावरचं मीठ

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या खाड्यांमध्ये तिवर आणि कांदळ ही दोन झाडं बऱ्याच ठिकाणी एकमेकांना खेटून उभी असतात. एप्रिल-मे महिन्यातल्या दुपारी तिवराचं एक पान तोडून उन्हात तिरपं धरलं, की त्यावर पांढुरके बारीक कण चमकताना दिसतात. जिभेला लावले तर चक्क मीठ. शेजारच्या कांदळाचं पान मात्र चकचकीत, मेणचट हिरवं. त्यावर असा एकही कण सापडत नाही. दोघांची मुळं एकाच चिखलात आहेत, दोघांच्या बुंध्याशी भरतीचं तेच पाणी येतं. तरीही एकाच्या पानावर मीठ येतं आणि दुसऱ्याच्या येत नाही.

या फरकाचं उत्तर पानात शोधून सापडत नाही. ते मुळांत आहे, आणि तिथवर जाण्याआधी मिठाचा झाडाला त्रास होतो म्हणजे नेमकं काय होतं ते पाहावं लागतं.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यातलं बहुतेक आपलं खायचं मीठच. पावसाळ्यात नद्यांच्या पुरामुळे खाडीचं पाणी बरंच गोडं होतं. पण पाऊस सरला की खारटपणा चढत जातो आणि मे महिन्यात खाडीच्या मुखाजवळ तो समुद्राइतकाच होतो. अशा पाण्यात झाडापुढे दोन वेगळ्या अडचणी असतात. पहिली तहानेची. पाणी नेहमी कमी खारट बाजूकडून जास्त खारट बाजूकडे ओढलं जातं. त्यामुळे समुद्राच्या पाण्यात उभ्या असलेल्या साध्या झाडाच्या मुळातून पाणी आत येण्याऐवजी बाहेरच जाऊ लागतं. दुसरी अडचण विषाची. मिठातलं सोडियम पेशीच्या आतल्या जिवंत द्रवात साठलं, की ते पोटॅशियमची जागा बळकावतं आणि प्रथिनं तयार करणारी, श्वसन चालवणारी विकरं नीट काम करेनाशी होतात. आंब्याचं रोप खाडीच्या पाण्यावर वाढवलं तर आधी पानांच्या कडा करपतात आणि मग रोप जातं, ते या दोन्ही कारणांनी.

मग खाऱ्या पाण्यातल्या वनस्पतींची विकरं वेगळ्या, मीठ पचवणाऱ्या जातीची असतील, असं कुणालाही वाटेल. इंग्लंडमधले वनस्पतिशास्त्रज्ञ टिमोथी फ्लॉवर्स यांनी हेच तपासलं. खाऱ्या दलदलीत वाढणारी स्वेडा मॅरिटिमा ही वनस्पती एका बाजूला आणि साधा वाटाणा दुसऱ्या बाजूला, अशी त्यांची तुलना १९७२ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन्हींतली विकरं बाहेर काढून त्यांवर मीठ घातलं, तर स्वेडाची विकरंही वाटाण्याच्या विकरांसारखीच मंदावली. मिठाच्या जमिनीत आयुष्य काढणाऱ्या वनस्पतीच्या पेशीचं अंतरंग मिठापुढे तितकंच दुबळं निघालं. कोकण किनाऱ्यावर भाजी म्हणून खुडली जाणारी मोरस याच स्वेडा वंशातली. ती आधी उकडून तिचं पाणी टाकून देतात, आणि तरीही भाजीत मीठ घालताना हात आखडता घ्यावा लागतो. एवढं मीठ पानात असूनही मोरस जगते, कारण ते मीठ पेशीत कुठे ठेवायचं हे तिने नेमकं ठरवलेलं असतं.

खारवनस्पतींची सारी धडपड त्या दुबळ्या अंतरंगापर्यंत मीठ पोहोचू नये यासाठी आहे. खारफुटीच्या झाडांत त्यातलं सर्वांत मोठं काम मुळं उरकतात.

मुळाच्या आडव्या छेदात बाहेरून आत पेशींचे थर दिसतात. पाणी दोन वाटांनी आत जाऊ शकतं. एक वाट पेशींच्या आतून, म्हणजे जिवंत पटल ओलांडत. दुसरी पेशींच्या भिंतींमधल्या फटीफटींतून, कुणाचीही परवानगी न घेता. मीठ मुख्यतः या दुसऱ्या वाटेनं घुसतं. सर्वच झाडांच्या मुळांत एका आतल्या थरापाशी ही वाट बंद केलेली असते. तिथल्या पेशींच्या भिंतीत लिग्निन आणि सुबेरिन या पाणी न शोषणाऱ्या पदार्थांची पट्टी असते, तिला कॅस्पेरियन पट्टी म्हणतात. बाटलीच्या बुचात असतं तेच हे सुबेरिन. खारफुटीच्या मुळांत हा बंदोबस्त दुहेरी असतो: आतल्या थरात एकदा आणि सालीलगतच्या थरात पुन्हा एकदा. शिवाय सुबेरिनचे लेप जाड असतात आणि मुळाच्या कोवळ्या टोकाच्या बरेच जवळपासून सुरू होतात. चोरवाट बुजवली, की पाण्याला पेशीच्या पटलातूनच जावं लागतं. त्या पटलात पाण्याच्या रेणूला वाट मिळते, सोडियमला सहसा मिळत नाही.

सिंगापूर राष्ट्रीय विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये तिवराच्याच एका जातीवर, ॲव्हिसेनिया ऑफिसिनॅलिसवर, केलेलं काम प्रसिद्ध केलं. तिची मुळं पाण्यातलं ९० ते ९५ टक्के मीठ बाहेरच ठेवतात, असं त्यांना दिसलं. रोपं खाऱ्या पाण्यात वाढवली, की मुळांतले सुबेरिनचे थर आणखी दाट होतात, हेही. कांदळाची गाळणी याहून कडक असते. तिथे अडवलं जाणारं मीठ ९९ टक्क्यांच्या घरात जातं.

नव्वद-पंचाण्णव आणि नव्व्याण्णव यांत फरक थोडा वाटतो. हिशेब मांडला की तो थोडा राहत नाही. समजा, एक झाड रोज १० लिटर पाणी ओढतं आणि ते पाणी समुद्राइतकं खारं आहे. गाळणी नसेल तर त्याच्या अंगात रोज ३५० ग्रॅम मीठ येईल, म्हणजे वर्षाला जवळजवळ १२८ किलो. ९५ टक्के अडवणाऱ्या तिवरात रोज साडेसतरा ग्रॅम येईल, वर्षाला सहा किलोंहून थोडं जास्त. ९९ टक्के अडवणाऱ्या कांदळात रोज साडेतीन ग्रॅम, वर्षाला सव्वा किलो. प्रत्यक्षात पाणी नेहमी इतकं खारं नसतं आणि झाडंही लहानमोठी असतात, पण प्रमाण हेच राहतं. तिवराच्या खोडातून वर चढणारा रस कांदळाच्या रसाच्या कित्येक पट खारट असतो. सव्वा किलो मीठ नव्या फुटणाऱ्या पानांत आणि लाकडात वाटून टाकता येतं. सहा किलोंचं तसं जमणारं नाही. ते बाहेर काढावंच लागतं, आणि तेच तिवराच्या पानावर दिसतं.

ही गाळणी चालते कशाच्या जोरावर? हा प्रश्न पेर शोलँडर या शरीरक्रियाशास्त्रज्ञांना पडला होता. कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स सागरविज्ञान संस्थेत काम करणारे शोलँडर सील आणि देवमाशांच्या श्वासापासून झाडांच्या रसापर्यंत कशातही हात घालत. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये एक साधं उपकरण वापरून दाखवलं. झाडाची फांदी कापायची, ती पोलादी डब्यात अशी बसवायची की कापलेलं टोक झाकणाच्या भोकातून बाहेर राहील, आणि डब्यात वायूचा दाब वाढवत न्यायचा. कापल्यावर आत ओढला गेलेला रस ज्या दाबाला टोकाशी परत उगवतो, तेवढ्या ताणानं झाड पाणी ओढत होतं असं समजायचं. समुद्राच्या पाण्यातून गोडं पाणी ओढायचं तर किमान २५ वातावरणांइतका ताण लागतो. मोटारीच्या टायरमध्ये जेवढी हवा आपण भरतो, त्याच्या दहापटीहून अधिक. खारफुटीच्या फांद्यांत शोलँडर यांना ३० ते ६० वातावरणांपर्यंतचे आकडे मिळाले.

मग १९६८ मध्ये त्यांनी खरी मेख काढली. खारफुटीची रोपं शेंड्याकडून छाटून मुळांवर बाहेरून दाब दिला, तर कापलेल्या टोकातून जवळजवळ गोडं पाणी आलं. मुळं थंड केली, श्वसन बंद पाडणारी विषं दिली, तरीही पाणी गोडंच. म्हणजे मीठ अडवण्यासाठी मुळाला पदरची ऊर्जा फारशी मोजावी लागत नाही. पानांतून उडणारं पाणी वरून ताण देतं, आणि त्या ताणाखाली मूळ नुसतं गाळतं. सूर्य हा त्या यंत्राचा पंप. पुढच्या संशोधनात, आत निसटलेलं सोडियम मुळांच्या पेशी ऊर्जा खर्चून पुन्हा बाहेर ढकलतात असंही दिसलं आहे. पण मुख्य भार गाळणीचाच.

तिवराच्या पानावरची सोय मात्र ऊर्जेवरच चालते. चांगल्या भिंगातून पानाच्या वरच्या बाजूला बारीक खळगे दिसतात. प्रत्येक खळग्यात एक मीठग्रंथी असते. पानाच्या खालच्या बाजूलाही ग्रंथी असतात, पण त्या दाट रुपेरी लवीत लपलेल्या. एक ग्रंथी म्हणजे जेमतेम दीड डझन पेशींचा संसार. तळाशी दोन ते चार पेशी आसपासच्या पेशींकडून खारट रस गोळा करतात. त्यांच्यावर एकच देठपेशी असते आणि तिच्यावर आठ ते बारा पेशींची टोपी, जिथून मीठ बाहेर पडतं. देठपेशीच्या बाजूच्या भिंतीला क्युटिनचा जलरोधक लेप असतो. मुळात जी युक्ती, तीच इथे पुन्हा. भिंतीतल्या फटी बुजवल्या, की येणाऱ्या मिठाला पेशीतूनच जावं लागतं आणि एकदा बाहेर गेलेलं मीठ पाझरून परत येऊ शकत नाही. टोपीच्या पेशी मायटोकाँड्रियांनी गच्च भरलेल्या असतात. श्वसन थांबवणारी विषं दिली की स्रावही थांबतो. मुळाच्या नेमकं उलट. टोपीवरचं मेणचट आवरण थोडं फुगून वर उचललेलं असतं, त्यात सूक्ष्म छिद्रं असतात, आणि त्यातून थेंब बाहेर येतो. हा थेंब समुद्राच्या पाण्याहूनही खारट असू शकतो.

दिवसा ऊन लागलं की थेंब आटतो आणि मिठाचे स्फटिक उरतात. वाऱ्यानं ते झडतात, पावसानं धुऊन जातात. म्हणूनच जुलैत तिवराचं पान चाटून पाहणाऱ्याची निराशा होते. रात्री दमट हवेत हेच स्फटिक ओलावा शोषून पुन्हा पाणथळ होतात, कारण मीठ साधारण ७५ टक्के आर्द्रतेला विरघळू लागतं. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या रूक्ष किनाऱ्यावरच्या तिवरांवर झालेल्या एका अभ्यासात, २०२१ मध्ये, यातून एक अनपेक्षित गोष्ट पुढे आली. पानावर विरघळलेल्या त्या ओलाव्यातलं थोडं पाणी पान आत घेतं आणि फांदीतला रस काही काळ उलटा, पानाकडून खाली वाहतो. टाकून दिलेलं मीठ हवेतलं पाणी पकडायला उपयोगी पडतं.

ग्रंथी फक्त तिवरालाच असतात असं नाही. काजळ्याच्या पानावरही असेच कण दिसतात, काटेरी पानांच्या मारांडीलाही ग्रंथी असतात. कांदळाच्या पानामागे काळपट ठिपके असतात आणि खाडीवर फिरताना कुणी तरी त्यांनाही मिठाची छिद्रं म्हणतं. ते खरं नाही. त्या बुचासारख्या पेशींच्या गाठी आहेत आणि त्यांतून मीठ बाहेर पडत नाही.

आता पिवळ्या पानाची गोष्ट. खारफुटीच्या सफरीत ती हमखास ऐकायला मिळते. झाडाच्या फांदीवर एखादंच पिवळं पान दाखवलं जातं, आणि सांगितलं जातं की झाड सारं मीठ त्या एका म्हाताऱ्या पानात कोंबतं, मग ते गाळून टाकतं, म्हणजे एकाच्या त्यागावर बाकीची पानं जगतात. गोष्ट ऐकायला इतकी छान आहे, की तिची खातरजमा करायची इच्छाच कुणाला होत नाही.

पान मीठ साठवतं, एवढं त्यात खरं आहे. वाढ पूर्ण झालेल्या पेशीचा बहुतेक भाग एका मोठ्या पिशवीनं, रिक्तिकेनं, व्यापलेला असतो. मुळांतून निसटून आलेलं सोडियम या पिशवीत पंपानं भरलं जातं आणि जिवंत द्रव त्यापासून वेगळा राहतो. पिशवी खारट झाल्यामुळे जिवंत द्रवातलं पाणी तिकडे ओढलं जाऊ नये, म्हणून त्या द्रवात निरुपद्रवी पदार्थ तयार करून भरले जातात. तिवरात ते ग्लायसिन बीटेन असतं. मोरस खारट लागते ती याच पिशव्यांमुळे. हे साठलेलं मीठ नुसता कचराही नसतो. खाऱ्या पाण्यातून पाणी ओढायचं तर पानाचा रस त्याहून तीव्र हवा, आणि त्यासाठी साखर बनवत बसण्यापेक्षा दारात आलेलं मीठ वापरणं स्वस्त. वयाबरोबर पान जाड आणि रसदार होतं, त्यामुळे मिठाची तीव्रता ताब्यात राहते. महाराष्ट्रानं २०२० मध्ये राज्याचा कांदळवृक्ष म्हणून निवडलेल्या पांढऱ्या चिप्पीची पानं हाताला गुबगुबीत लागतात, हे त्याचंच उदाहरण.

पण झडण्याआधी पानात मीठ मुद्दाम कोंबलं जातं का? जॉन क्रॅम आणि सहकाऱ्यांनी काही खारफुटींच्या पानांतलं मीठ कळीपासून पानगळीपर्यंत मोजलं. त्यांचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. पान वाढत असताना मीठ झपाट्यानं वाढतं, त्यानंतर पान जाड होत जातं तसं सावकाश वाढत राहतं, आणि गळण्याच्या सुमारास काहीही खास उसळी दिसत नाही. पुढे ऑस्ट्रेलियात केलेल्या तुलनेतही पिवळ्या पानांत हिरव्यांपेक्षा जास्त मीठ असल्याचा पुरावा मिळाला नाही. मग काही जुन्या मोजमापांत पिवळी पानं जास्त खारट का दिसली? पिकताना पान आपल्यातलं नत्र आणि इतर कामाचे पदार्थ झाडाला परत देतं, त्याचं कोरडं वजन घटतं. मीठ तेवढंच राहिलं, तरी दर ग्रॅममागे ते जास्त भरतं. पिवळेपणा हा साध्या म्हातारपणाचा असतो, कुठल्याही झाडाच्या पानासारखा.

गळून पडणाऱ्या पानाबरोबर त्यातलं मीठ झाडाबाहेर जातं, हे उघड आहे. कांदळासारख्या ग्रंथी नसलेल्या झाडाला त्याचा उपयोगही होत असणार. मात्र तो झाडाचा मुख्य मार्ग नाही. पिवळं पान चाटायला दिलं, की त्याच फांदीचं जून झालेलं हिरवं पानही चाटून पाहावं. दोन्ही खारटच लागतात.

मुळांच्या या गाळणीची एक किंमत आहे आणि ती झाडाच्या पायाशी साठत जाते. पाणी आत गेलं आणि मीठ बाहेर राहिलं, म्हणजे मुळांभोवतीचा चिखल हळूहळू जास्त खारट होणार. भरतीचं पाणी ये-जा करून ते मीठ धुऊन नेतं, तोवर सगळं ठीक. म्हणून खारफुटीची झाडं पाणी फार जपून वापरतात आणि वाढही सावकाश करतात. जिथे पाऊस कमी आणि ऊन कडक, तिथे कांदळ माघार घेतो आणि तिवर उरतो. कच्छच्या आखातात बहुतेक तिवरच दिसतो, आणि अनेक ठिकाणी माणसाच्या छातीएवढाच.

भरतीनं पाठ फिरवली तर काय होतं, ते ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला कार्पेंटेरियाच्या आखातात दिसलं. २०१५ च्या अखेरीस तिथे सुमारे १,००० किलोमीटर किनाऱ्यावरची जवळजवळ ७,४०० हेक्टर खारफुटी काही महिन्यांत वाळली. एल निनोमुळे समुद्राची पातळी कित्येक महिने सुमारे २० सेंटिमीटरनं खाली गेली होती, त्यातच पाऊस कमी आणि उष्मा जास्त. उंचावरच्या झाडांपर्यंत भरती पोहोचेना, मीठ धुतलं जाईना. वीस सेंटिमीटर म्हणजे वीतभरसुद्धा नाही.

आपल्याकडे हेच काम बांध आणि भराव करतात. खाडीचा एखादा फाटा बुजवला, की आतल्या बाजूची झाडं दोनपैकी एका तऱ्हेनं मरतात, आणि तऱ्हा कोणती हे बघून ओळखता येतं. उन्हाळ्यात जमीन भेगाळलेली, वर पांढरा थर, पानं लहान आणि झाडाचा माथा विरळ होत चाललेला असेल तर मीठ वाढलं आहे. उलट पाणी आत कोंडून राहिलं असेल आणि चिखलातून वर येणारी तिवराची पेन्सिलीएवढी श्वसनमुळं कायमची बुडालेली असतील, तर झाड गुदमरतं आहे. दोन्हींवर उपाय एकच असतो, भरती-ओहोटीची वाट पुन्हा मोकळी करणं. नवी रोपं लावून तो होत नाही, कारण जिथे मोठं झाड टिकलं नाही तिथे रोप कशाच्या बळावर टिकणार?

कोकणातल्या शेतकऱ्याला यातली मुळांची बाजू जास्त जवळची वाटेल. खारभूमीत बांध फुटला आणि खारं पाणी शेतात शिरलं, की भात बसतो. भाताच्या मुळालाही कॅस्पेरियन पट्टी असते, पण बाजूची मुळं फुटतात तिथे आणि कोवळ्या भागात फटी राहतात, त्यातून सोडियम सरळ पानांपर्यंत चढतं. सिंगापूरच्याच गटानं २००९ मध्ये मीठ न सोसणारा आयआर-२० हा वाण आणि केरळातला खाऱ्या शेतातला जुना पोक्काली यांची मुळं शेजारी शेजारी ठेवून पाहिली. पोक्कालीच्या मुळांत सुबेरिनचा बंदोबस्त अधिक पक्का होता आणि पानांत सोडियम कमी पोहोचत होतं. आधी सौम्य खाऱ्या पाण्यात काही दिवस ठेवलेल्या रोपांत हे थर आणखी दाट झाले, आणि नंतर जबर खारं पाणी दिल्यावर ती रोपं जास्त दिवस तगली.